नखं कापूनही फरशीवर टकटक थांबत नाही: पंजाच्या फोटोवरून काय ओळखता येतं, काय नाही

लक्षणं

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यात येते. कुत्र्याची नखं चार-आठ दिवसांपूर्वीच कापली आहेत, तरी घरात चालताना टकटक ऐकू येतेच. सोबत पंजाचा एक फोटो असतो. पाय हातात उचलून धरलेला, फोटो वरून काढलेला, फ्लॅश चालू. खाली प्रश्न: नखं अजून लांब आहेत का, आणि पंजाच्या तळव्यावरच्या गादीला भेगा दिसतायत त्यावर काय लावू? अशा फोटोवरून या दोन्हींचं खात्रीचं उत्तर देता येत नाही, आणि ज्या नखाची खरी काळजी करायला हवी ते बहुधा त्या फोटोत नसतंच.

पुढच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसत असतील तर खालच्या तपासण्या क्रमाने करा:

- कडक फरशीवर सावकाश चालतानाही प्रत्येक पावलाला नखांचा आवाज येतो.
- कुत्रा नुसता उभा असताना बोटं फाकलेली दिसतात, किंवा एखादं बोट बाजूला वळलेलं दिसतं.
- गादीच्या कडा पांढुरक्या, खरखरीत झाल्या आहेत, किंवा त्यावर रेषा पडल्या आहेत.
- पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, मनगटाच्या खाली, कुत्रा सारखा चाटतो आणि तिथले केस तांबूस झाले आहेत.
- एखादं नख चादरीत किंवा पायपुसण्यात वारंवार अडकतं.

पहिली तपासणी: फोटो नव्याने काढा

याला काही खर्च नाही, आणि निम्मा गोंधळ इथेच मिटतो. उचलून धरलेल्या पायाच्या फोटोवरून नखांची लांबी ठरवू नका. पाय हातात धरला की बोटांवर आपला दाब पडतो आणि नख पुढे येतं, त्यामुळे ते आहे त्यापेक्षा लांब दिसतं. पाय सैल लोंबत असेल तर बोटं आत वळतात आणि तेच नख आखूड भासतं. लांबी कळते ती कुत्रा चारी पायांवर वजन टाकून कडक, सपाट फरशीवर उभा असताना. सतरंजीवर किंवा गालिच्यावर नखं आत रुततात, तिथे काढलेला फोटो कामाचा नाही.

फोन फरशीला टेकवा आणि पंजाच्या बरोबर बाजूने फोटो घ्या. लेन्स नखांच्या उंचीवर हवी. वरून पाहिलं तर नखाचं टोक आणि फरशी यांच्यातली फट दिसतच नाही, आणि आपल्याला नेमकी तीच पाहायची असते. फोन पंजाच्या अगदी जवळही नेऊ नका. दहा-पंधरा सेंटिमीटरवरून घेतलेल्या फोटोत जवळचं बोट फुगून मोठं दिसतं आणि मागची बोटं बारीक होतात. चाळीस-पन्नास सेंटिमीटर लांब राहा आणि दुप्पट झूम करा. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीतला उजेड बाजूने येऊ द्या. बाजूच्या उजेडात भेगांची सावली पडते आणि त्यांची खोली कळते, फ्लॅशमध्ये सगळं सपाट होतं. पिवळ्या दिव्याखाली निरोगी कातडीही लालसर वाटते, म्हणून पंजाशेजारी पांढरा कागद ठेवून तोही फोटोत घ्या. कागद पांढरा दिसत नसेल तर त्या फोटोतल्या लालीवर विसंबू नका.

काळ्या नखांची आणखी एक अडचण असते. आजूबाजूची फरशी उजळ असेल तर कॅमेरा नख नुसतं काळं करून टाकतो, त्याचा आकारही कळत नाही. स्क्रीनवर नखावरच बोट टेकवून फोकस द्या, म्हणजे उजेड नखाच्या हिशेबाने ठरेल. केसाळ जातीत नखांवरचे केस थोडं पाणी लावून मागे सारा. मोजायचं असेल तर पट्टी नखाच्या अगदी लगत, नख जितकं पुढे आहे तितक्याच अंतरावर ठेवा. मागे पडलेल्या पट्टीवरून घेतलेलं माप चुकतं.

एकूण चार प्रकारचे फोटो लागतात: प्रत्येक पंजा बाजूने, प्रत्येक पंजा समोरून, पाय उचलून गादीचा खालून, आणि पुढच्या दोन्ही पायांचा आतल्या बाजूने. हा शेवटचा फोटो सगळेच विसरतात. तो का हवा ते तिसऱ्या तपासणीत येईल.

दुसरी तपासणी: नखाखाली कागद

कुत्रा उभा असताना साधा कागद समोरून नखांच्या टोकाखाली सरकवा. कागद न अडकता गादीपर्यंत गेला तर लांबी ठीक आहे. नखाने कागद दाबून धरला तर ते नख जमिनीवर भार घेतंय. हे एवढं महत्त्वाचं का? नख टेकलं की जमीन त्याला वर ढकलते, आणि तो दाब बोटाच्या शेवटच्या सांध्यावर जातो. दाब चुकवायला बोट बाजूला वळतं किंवा पंजा फाकतो, आणि तेच समोरून घेतलेल्या फोटोत दिसतं. म्हातारा किंवा सांधे दुखणारा कुत्रा अशा पायांनी गुळगुळीत फरशीवर आणखी घसरतो.

आता बाजूचा फोटो नीट वाचा. मधल्या दोन बोटांची नखं बहुधा आधी टेकतात, कडेची नंतर. चारही नखं जवळपास सारखी वाढलेली असतील तर प्रश्न साध्या लांबीचा आहे. पण एकाच पायाची नखं लांब आणि बाकी तीन पायांची झिजलेली असतील तर कुत्रा त्या पायावर पूर्ण वजन टाकत नसावा. तिथे आधी दुखण्याचं कारण शोधायला हवं, नख कापणं नंतरचं.

उलटा प्रकारही असतो आणि तो चटकन लक्षात येत नाही. नखं आखूड आहेत, पण टोकाऐवजी नखाची वरची बाजू घासून सपाट झाली आहे, विशेषतः मागच्या पायाच्या मधल्या दोन बोटांची. म्हणजे चालताना पंजा पुरता उचलला जात नाही, जमिनीवर ओढला जातो. यामागे पाठीच्या कण्याचा किंवा नसांचा त्रास असू शकतो. असं दिसलं तर घरची तपासणी तिथेच थांबवून पशुवैद्यांची वेळ घ्या.

आवाजाबद्दल एक खुलासा. धावताना किंवा वळण घेताना क्वचित टकटक होणं स्वाभाविक आहे. सावकाश चालताना प्रत्येक पावलाला आवाज येत असेल तरच ती खूण धरा.

तिसरी तपासणी: ड्यूक्लॉ बोटाने शोधा

पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला, पंजाच्या बराच वर, अंगठ्यासारखं एक नख असतं, ते ड्यूक्लॉ. काही कुत्र्यांना ते मागच्या पायालाही असतं. ग्रेट पिरेनीज, ब्रियार्ड, बोसरॉन अशा जातींत तर मागच्या पायाला दोन-दोन असतात. उभं असताना हे नख जमिनीला लागत नाही, त्यामुळे झिजत नाही. न कापलं तर ते गोल वळत जातं आणि शेवटी स्वतःच्याच कातडीत घुसतं. लांब केसांत हे बाहेरून अजिबात दिसत नाही.

म्हणून फोटोआधी हाताने तपासा. मनगटाच्या थोडं खाली, आतल्या बाजूने बोट फिरवा, नख सापडलं की केस बाजूला करा आणि आतल्या बाजूने फोटो घ्या. मनगटाच्या मागे एक छोटी गोल गादीही असते, तिला नख नसतं. केसांत ती गाठ म्हणून घाबरवते, पण ती सगळ्याच कुत्र्यांना असते.

फोटोत तीन गोष्टी पाहा. टोक कुठे निर्देश करतंय, टोक आणि कातडी यांच्यात किती जागा आहे, आणि टोकाखालची कातडी कशी आहे. नख वळलेलं आहे पण टोकाखालून करंगळीचं टोक सहज जातं, कातडी कोरडी आणि इतर ठिकाणच्याच रंगाची आहे, तर ते घरी कापता येईल. टोक कातडीला टेकलंय आणि तिथे लाल खळगा पडलाय, तर ते आजच कापायला हवं. टोकच दिसत नाही, सभोवती ओल, वास, पू किंवा सूज आहे, तर नख आत घुसलंय. ते घरी ओढून काढू नका. आतली जखम किती खोल आहे हे फोटोतून कळत नाही, आणि तिथे भूल, जखमेची सफाई आणि बऱ्याचदा औषधंही लागतात.

घरी कापण्याजोगं असेल तर कात्रीसारखं दोन पात्यांचं क्लिपर घ्या. ज्या क्लिपरच्या भोकातून नख घालून पातं सरकवतात, ते गोल वळलेल्या नखावर बसतच नाही, आणि जबरदस्ती केली तर नख पिरगळतं. नख आणि कातडी यांच्यामध्ये आपलं बोट ठेवा, म्हणजे पातं कातडीला लागणार नाही. सुरुवातीला फक्त वळणाचं शेवटचं टोक काढा. बहुतेक वेळा तिथे जिवंत भाग पोचलेला नसतो. उरलेलं पुढच्या आठवड्यांत. मागच्या पायाचं ड्यूक्लॉ अनेकदा हाडाशी न जोडता फक्त कातडीने लोंबत असतं, तिथे एका हाताने बुडाला आधार द्या, नाहीतर कापताना ते ओढलं जातं.

चौथी तपासणी: गादीच्या भेगा

गादी कोमट पाण्याने धुऊन, पुसून, कोरडी करून पाहा. धूळ भरलेल्या साध्या रेषा फोटोत खोल भेगांसारख्या दिसतात, आणि धुतल्यावर निम्म्या नाहीशा होतात. गादीचा मूळ पृष्ठभागच खडबडीत, दाणेदार असतो. त्यामुळे नुसत्या खरखरीतपणाला आजार समजू नका.

मग भेग कुठे आहे ते बघा. गादीच्या ज्या भागावर वजन पडतं तिथलं जाड कातडं चालताना झिजतं. कडांवर आणि मागच्या बाजूला झीज कमी, म्हणून तिथे ते साठतं आणि केसांसारख्या ताठ, पांढुरक्या झालरी तयार होतात. फक्त कडा अशा आहेत, चारही पाय सारखे आहेत, मध्ये लाली नाही, दाबल्यावर कुत्रा पाय ओढत नाही, तर तो वयाने आलेला कोरडेपणा असण्याची शक्यता जास्त. रोज पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय भिजवून, पुसून, साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावा. लावल्यावर दहा मिनिटं कुत्र्याला चाटू देऊ नका, त्याला खाऊ द्या किंवा खेळवा. झिंक ऑक्साइड असलेली मलमं लावू नका, चाटून पोटात गेली तर ती बाधतात. झालर कात्रीने कापायचा किंवा घासायचा मोह होतो. पण जिवंत कातडी कुठे सुरू होते हे वरून समजत नाही, म्हणून ते करू नका.

भेगेच्या तळाशी गुलाबी किंवा लाल दिसलं तर ती जखम आहे. अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ घालून त्याने धुवा, टिपून कोरडं करा, बाहेर नेताना तेवढ्यापुरता मोजा घाला आणि घरी आल्यावर काढा. ओला मोजा तासन्‌तास पायात राहिला तर कातडी मऊ पडून भेग आणखी फाटते. हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका, त्याने भरून येणारी कातडीही जळते.

जागेवरून कारणाचा अंदाज बांधता येतो. वजन पडणाऱ्या भागाचीच सालं निघाली आहेत, फोड आहेत, आणि हे एकाच दिवसात झालंय, तर तापलेल्या जमिनीचा चटका बसला असावा. बोटांच्या मधली कातडी लाल आणि केस तांबूस असतील तर मूळ त्रास गादीचा नसून खाजेचा असतो, आणि तो रंग सततच्या लाळेने येतो. चारही गाद्या थोड्या काळात जाड, कडक झाल्या, सोबत नाकही खरखरीत झालं, खपल्या धरल्या, तर त्यामागे अंगातला आजार असू शकतो. डिस्टेंपर, यकृताचे विकार, झिंकची कमतरता, रोगप्रतिकारशक्तीचे आजार हे सगळे गादीवर उमटतात, आणि फोटोवरून त्यांतला फरक कळत नाही.

पाचवी तपासणी: नखात कापायला जागा आहे का

हे सगळ्यात कठीण, म्हणून शेवटी. नखाच्या आत रक्तवाहिनी आणि नस असलेला जिवंत भाग असतो, त्याला क्विक म्हणतात. पांढऱ्या नखात बाजूने फोटो घेतला आणि मागून उजेड असला की तो गुलाबी दिसतो. काळ्या नखात दिसत नाही, तिथे कापलेल्या टोकाचा समोरून फोटो घ्यावा लागतो. आधी कापलेला भाग कोरडा, खडूसारखा भुरकट असतो. क्विक जवळ आलं की मधोमध एक गडद, किंचित ओलसर ठिपका उमटतो. तिथे थांबायचं. एका वेळी एक ते दोन मिलिमीटरच काढा आणि प्रत्येक कापानंतर टोक बघा.

नखं नुकतीच कापूनही टकटक का थांबत नाही, याचं उत्तर बहुतेकदा इथेच सापडतं. नख बरेच महिने लांब राहिलं की क्विकही त्याच्याबरोबर पुढे वाढतं. मग क्विकपर्यंत कापलं तरी नख जमिनीला लागतंच. कापणाऱ्याने काम अर्धवट सोडलेलं नसतं, त्या दिवशी तिथे जागाच नसते. दर आठवड्याला एक मिलिमीटर कापत किंवा ग्राइंडरने घासत राहिलं की क्विक हळूहळू मागे सरकतं. महिन्यातून एकदा कापून हे साधत नाही, कारण मधल्या काळात नख परत तेवढंच वाढतं.

रक्त आलंच तर स्टिप्टिक पावडर दाबून धरा. नसेल तर कॉर्नफ्लोअर चालेल. पाच मिनिटं दाब सोडू नका, मधेच उचलून पाहिलं तर धरलेली गुठळी निघते.

एक उदाहरण, फोटोवरून निष्कर्षापर्यंत

मध्यम बांध्याचा, काळ्या नखांचा, वयस्क कुत्रा. तक्रार तीच: नखं कापूनही आवाज, गादीला भेगा, डाव्या पुढच्या पायाला चाटणं. वरून घेतलेल्या पहिल्या फोटोत चारही नखं सारखीच लांब वाटतात आणि गादी दिसतच नाही.

नव्या फोटोंत, बाजूने, मधली दोन नखं फरशीवर टेकलेली आणि त्या बोटांचं टोक किंचित वर उचललेलं. कडेच्या नखांखाली बारीक फट. कागद कडेला जातो, मध्ये अडतो. चारही पायांवर हेच, म्हणजे एखाद्या पायाच्या दुखण्याची खूण नाही. कापलेल्या टोकांवर मधोमध गडद ठिपका, म्हणजे आज मधल्या नखांत आणखी काही काढता येणार नाही. खालून, मोठ्या गादीच्या मागच्या कडेला पांढुरकी झालर, मधला भाग स्वच्छ, लाली नाही, नाक गुळगुळीत. इथे भिजवणं आणि जेली पुरे.

चाटण्याचं कारण आतल्या बाजूच्या फोटोत सापडतं. डावं ड्यूक्लॉ केसांखाली पाऊण वर्तुळ वळलंय, टोक कातडीला टेकलंय, खाली लाल खळगा, ओल नाही. उजवं मात्र आखूड आहे. कापणाऱ्याच्या नजरेतून एक बाजू सुटली. पहिलं काम म्हणजे त्या नखाचं टोक काढणं, त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी तीच जागा त्याच कोनातून, त्याच उजेडात पुन्हा फोटोत घ्या. खळगा फिका पडत नसेल किंवा ओलसर दिसला तर डॉक्टर. मधली नखं दर आठवड्याला एक मिलिमीटर, आणि दर दोन आठवड्यांनी कागद. इथे दीड-दोन महिने धरून चाला.

इथे थांबा आणि पशुवैद्यांकडे न्या

- ड्यूक्लॉ किंवा कोणतंही नख कातडीत घुसलंय, किंवा बुडापासून तुटून लोंबतंय.
- दाबून धरूनही पंधरा-वीस मिनिटांत रक्त थांबत नाही.
- एकाच बोटाचं बूड सुजलंय आणि आठवड्याभरात उतरत नाही. नखाच्या बुडाशी गाठ असू शकते, ती प्रत्यक्ष तपासणीशिवाय ओळखता येत नाही.
- वेगवेगळ्या पायांची अनेक नखं सैल होतायत किंवा गळतायत.
- भेगेतून रक्त येतंय, गादीवर फोड आहेत, किंवा कुत्रा पाय टेकत नाही.
- गादी आणि नाक दोन्ही थोड्या दिवसांत जाड झालं, किंवा सोबत ताप, सुस्ती, खाणं कमी आहे.
- नखाची वरची बाजू घासली गेली आहे.
- पायाला हात लावताच कुत्रा गुरगुरतो किंवा चावायला येतो. दुखत असलेल्या कुत्र्याला जबरदस्तीने धरून नखं कापू नका, पुढच्या वेळी तो हातही लावू देणार नाही.

दवाखान्यात जाण्याआधी जागा धुऊ नका, मलम लावू नका, केस कापू नका. पू, खपली आणि तांबूस केस हे डॉक्टरांना जसेच्या तसे पाहायला हवेत. सोबत बाजूने आणि आतल्या बाजूने घेतलेला एकेक फोटो आणि तो काढल्याची तारीख ठेवा, म्हणजे त्रास किती दिवसांत वाढला ते सांगता येईल.